ऐंशी कडबाकुट्ट्या आणि 31 मार्चची मध्यरात्र: विनियोजन लेखापरीक्षणातील एक प्रकरण

पुढे मांडलेले प्रकरण एका कार्यालयाचे जसेच्या तसे नाही. मराठवाड्यातील निरनिराळ्या तपासण्यांमध्ये पुन्हा पुन्हा भेटलेले प्रसंग एकत्र करून ते उभे केले आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरले आहेत. मात्र ज्या प्रश्नाभोवती ते फिरते तो प्रश्न खरा आहे. पैसा खराच खर्च झाला, वस्तू खऱ्याच आल्या, दरही वाजवी होता, आणि तरीही खर्च अनियमित ठरला. हे कसे घडते आणि तपासनिसाला ते कागदावरून कसे कळते, एवढेच येथे पाहायचे आहे.

वर्ष 2018-19. त्या वर्षी 31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्य शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात मराठवाड्यातील तालुक्यांची संख्या मोठी होती. जिल्हास्तरावरील एका पशुसंवर्धन कार्यालयाकडे चारा विकासाच्या योजनेखाली 58 लाख रुपयांची तरतूद होती. त्यापैकी 48 लाख रुपये ‘21 – सामग्री व पुरवठा’ या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाचा प्रकार सांगणाऱ्या शीर्षाखाली, चाऱ्याच्या बियाण्यासाठी होते, तर 10 लाख रुपये ‘52 – यंत्रसामग्री व साधनसामग्री’ या उद्दिष्टाखाली विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टी यंत्रांसाठी होते. डिसेंबरमध्ये प्रादेशिक सहआयुक्तांनी 40 यंत्रांना प्रशासकीय मान्यता दिली. रीतसर ई-निविदा झाली, प्रत्येकी 24,500 रुपये दराने यंत्रे आली आणि 52 या उद्दिष्टाखाली 9.80 लाख रुपये खर्ची पडले. इथपर्यंत कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती.

बियाण्याचे मात्र जमले नाही. पाणीच नसल्यामुळे मका आणि लसूणघास पेरायला शेतकरी तयार होईनात. 48 लाखांपैकी 27.90 लाख रुपयेच खर्च झाले आणि मार्च उजाडला तेव्हा 20.10 लाख रुपये शिल्लक होते. दुसरीकडे ज्यांच्याकडे थोडाबहुत कडबा होता त्यांना तो पुरवून वापरायचा होता, त्यामुळे कडबाकुट्टीची मागणी वाढत होती. कार्यालयाने 25 आणि 26 मार्च 2019 या दोन दिवसांत आणखी 80 यंत्रांचे पुरवठा आदेश दिले. 28 आणि 29 मार्चला 19.60 लाख रुपयांची देयके कोषागारातून पारित झाली. वर्षअखेरीस योजनेचा खर्च 57.30 लाख दिसला आणि केवळ 70 हजार रुपये न वापरता व्यपगत झाले. आढावा बैठकीत अशा खर्चाचे कौतुकच होते.

ऑगस्टमध्ये तपासणी पथक आले. मराठवाड्यातील कार्यालयांची तपासणी नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडून होते. या तपासणीचा आधार नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 1971 च्या अधिनियमातील कलम 13 हा आहे. खात्यात खर्ची दाखवलेली रक्कम त्या कामासाठी कायद्याने उपलब्ध होती का, ती त्याच कामाला लागली का, आणि खर्च ज्या अधिकाराखाली झाला त्या अधिकाराशी तो जुळतो का, असे तीन प्रश्न त्या कलमात आहेत. प्रश्न तीन असले तरी पुष्कळ कार्यालयांत त्यांचे एकच उत्तर दिले जाते, आणि ते म्हणजे कोषागाराने देयक पारित केले आहे. याही कार्यालयातील मुख्य लिपिकाने पहिल्याच दिवशी सांगितले, “साहेब, बीम्सवर तरतूद दिसली म्हणून प्राधिकारपत्र निघालं, कोषागारानं देयक पास केलं, यंत्रं शेतकऱ्यांच्या गोठ्यात चालू आहेत. यात चुकलं काय?”

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर बीम्स ही निधीवाटपाची संगणक प्रणाली काय तपासते व काय तपासत नाही यात आहे. आहरण व संवितरण अधिकारी ज्या लेखाशीर्षाखाली आणि उद्दिष्टाखाली रक्कम मागतो, तेथे तेवढी शिल्लक आहे का हे प्रणाली पाहते. शिल्लक नसेल तर रक्कम काढण्याचे प्राधिकारपत्र निघत नाही. त्यामुळे वितरित रकमेपेक्षा जास्त खर्च करणे आज जिल्हा कार्यालयाला जवळजवळ अशक्य आहे. परंतु मागितलेली रक्कम खरोखर त्याच उद्दिष्टाची आहे का, हे प्रणालीला कळत नाही. तिच्यापुढे आकडा असतो, वस्तू नसते. त्यामुळे जुन्या काळी जी चूक जादा खर्च म्हणून उघडी पडत असे, ती आता चुकीच्या उद्दिष्टाखाली नीट घडी घालून ठेवलेली सापडते.

येथेही तसेच झाले होते. 80 यंत्रांचे 19.60 लाख रुपये 52 ऐवजी 21 या उद्दिष्टाखाली टाकले होते, कारण शिल्लक तेथे होती. देयकांवर ‘कडबाकुट्टी’ हा शब्दच नव्हता. ‘चारा प्रक्रिया साहित्य संच’ असे वर्णन होते, आणि साहित्य म्हटल्यावर ते सामग्री व पुरवठ्यात बसल्यासारखे वाटते. परंतु पुरवठादाराच्या वस्तू व सेवा कराच्या बिलावर वर्णनाशेजारी वस्तूचा प्रकार सांगणारा एचएसएन संकेतांक छापलेला असतो, आणि कार्यालयाच्या सांगण्यावरून वर्णन बदलणारा पुरवठादार तो बदलायला सहसा धजत नाही, कारण त्यावर कराचा दर ठरतो. या बिलांवर 8436 हा संकेतांक होता. संकेतांकांच्या यादीतील प्रकरण 84 यंत्रांचे आहे आणि त्यातील 8436 मध्ये पशुखाद्य तयार करण्याची यंत्रे येतात, तर लसूणघासाच्या बियाण्याचा संकेतांक 1209 असतो. साठा नोंदवहीत तर प्रत्येक नगासमोर मोटारीचा क्रमांकही लिहिलेला होता. साठा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने आपले काम चोख केले होते आणि तोच कागद कार्यालयाविरुद्ध उभा राहिला.

आता वर्गीकरण दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडला तर चित्र पालटते. 21 या उद्दिष्टाखाली 48 लाखांच्या तरतुदीपुढे खरा खर्च 27.90 लाख, म्हणजे बचत 20.10 लाख. 52 या उद्दिष्टाखाली 10 लाखांच्या तरतुदीपुढे खरा खर्च 29.40 लाख, म्हणजे जादा 19.40 लाख. दोन्हींची वजाबाकी केली की पुन्हा तीच 70 हजारांची बचत येते. एकूण बेरीज बरोबर असूनही आतले दोन्ही आकडे खोटे असू शकतात. म्हणूनच तपासनीस एकूण आकड्यावर समाधान न मानता उद्दिष्टनिहाय विवरणपत्र मागतो.

याचे गांभीर्य किती, हे ठरवताना तपासनिसाने हात आखडता घ्यायला हवा, असे माझे मत आहे. विधानमंडळ पैसा मंजूर करते तो मागणीच्या, म्हणजे विभागाने मांडलेल्या अनुदानाच्या मागणीच्या पातळीवर. त्यातही महसुली आणि भांडवली, मतदानाने मंजूर होणारा दत्तमत आणि मतदान न लागणारा प्रभारित असे भाग वेगळे असतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 204 खालील विनियोजन अधिनियमाचे बंधन त्या पातळीवर लागते. त्या मर्यादेपेक्षा जादा खर्च झाला तर तो अनुच्छेद 205 खाली विधानमंडळापुढे नेऊन नियमित करून घ्यावा लागतो. येथे तसे काही घडले नव्हते. दोन्ही उद्दिष्टे एकाच मागणीत, एकाच महसुली विभागात होती आणि मागणीत एकूण बचतच होती. म्हणून ‘विधानमंडळाच्या मंजुरीचा भंग’ असे शब्द निरीक्षण अहवालात लिहिणे चूक ठरले असते. भंग झाला तो त्या खालच्या पायरीवर. एका उद्दिष्टातून दुसऱ्या उद्दिष्टात रक्कम नेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचा पुनर्विनियोजनाचा आदेश लागतो. येथे तो मागितलाच गेला नव्हता. मागितला असता तर मिळण्यात फारशी अडचण नव्हती, आणि हीच या प्रकरणातली खरी चुटपुट आहे. जी यंत्रसामग्री भांडवली मागणीखाली मोडते तिच्यासाठी महसुली बचत वळवता येत नाही, पण येथे तोही अडसर नव्हता.

कार्यालयाच्या पहिल्या उत्तरात दुष्काळाचे कारण पुढे केले होते. दुष्काळ खरा होता, हे कोणी नाकारत नव्हते. पण टंचाईच्या निकडीतून एखाद्या कार्यालयाला तरतूद फिरवण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. नैसर्गिक आपत्तीतील मदतीसाठी 2245 हे स्वतंत्र मुख्य लेखाशीर्ष आहे, त्यावरील निधी महसूल यंत्रणेमार्फत येतो आणि त्याचे निकषही वेगळे आहेत. योजनेखाली खर्च करायचा असेल तर योजनेच्या तरतुदीचे नियम पाळावे लागतात.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. वित्तीय अधिकार नियमपुस्तिका 1978 आणि तिच्या आधारे त्या त्या विभागाने काढलेले आदेश, यांवरून कोणत्या पातळीच्या अधिकाऱ्याला किती रकमेपर्यंत मान्यता देता येते ते ठरते. या प्रकरणात जिल्हा कार्यालयप्रमुखांची मर्यादा एका खरेदी प्रकरणात 3 लाख रुपये आणि प्रादेशिक सहआयुक्तांची 25 लाख रुपये होती असे धरू. त्या काळी 3 लाखांवरील खरेदीला ई-निविदाही लागत होती. 80 यंत्रांचे आठ पुरवठा आदेश होते, प्रत्येकी दहा यंत्रांचे, प्रत्येकी 2.45 लाख रुपयांचे. आठही आदेश एकाच पुरवठादाराला, लागोपाठच्या क्रमांकांनी, दोन दिवसांत दिलेले होते. प्रत्येक आदेशासोबत तीन दरपत्रके जोडलेली होती आणि आठही वेळा तेच तीन विक्रेते, त्याच क्रमाने, त्याच दरांनी होते.

वरिष्ठांची मान्यता टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नयेत, हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो. प्रश्न असतो तो तुकडे पाडले हे सिद्ध कसे करायचे याचा. एका वर्षात आठ वेळा थोडी थोडी खरेदी होणे म्हणजे तुकडे पाडणे नव्हे. गरज खरोखर वेळोवेळी उद्भवली असेल तर आठ आदेश योग्यच आहेत. म्हणून तपासनीस आदेशांपेक्षा मागणीचा कागद शोधतो. येथे तो टिपणीच्या नस्तीत सापडला. तालुक्यांकडून आलेल्या मागण्या एकत्र करून 20 मार्चला एकच तक्ता केलेला होता आणि त्याच्या तळाशी ‘एकूण 80’ असे लिहून खाली रेघ ओढली होती. गरज एक असेल तर खरेदी प्रकरणही एकच होते, आणि 19.60 लाखांचे ते प्रकरण कार्यालयप्रमुखांच्या मर्यादेच्या सहापटीहून मोठे होते.

पथकाने आक्षेप मांडून दिलेल्या अर्धसमास पत्राला कार्यालयाने दिलेले उत्तर वाचण्यासारखे होते. पहिल्या परिच्छेदात म्हटले होते की प्रत्येक आदेश 3 लाखांच्या आत असल्यामुळे वरिष्ठांच्या मान्यतेची आवश्यकता नव्हती. दुसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की प्रादेशिक सहआयुक्तांनी 10 जून 2019 च्या पत्राने 80 यंत्रांच्या खरेदीस कार्योत्तर मान्यता दिली आहे. मान्यता लागतच नव्हती तर ती मागितली कशासाठी, आणि मागताना 80 यंत्रे एकत्र कशी झाली, याचे उत्तर नव्हते. दोन्ही बचाव वेगवेगळे दिले असते तर प्रत्येकावर विचार करावा लागला असता. एकत्र दिल्यामुळे दुसऱ्याने पहिल्याला खोटे पाडले. पूर्वमान्यता का घेतली नाही, याचे कारण म्हणून लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता सांगितली होती. ती 10 मार्च 2019 पासून लागू झाली होती हे बरोबर आहे. पण वरिष्ठांना मान्यता देण्यास ज्या आचारसंहितेची अडचण होती, तिची अडचण कार्यालयप्रमुखांना पुरवठा आदेश देताना का वाटली नाही, हे कोठेही स्पष्ट केलेले नव्हते.

आता खरा नाजूक मुद्दा येतो. कार्योत्तर मान्यतेने काय भरून निघते? तपासणीत मी अनेकदा पाहिले आहे की असे पत्र मिळाले की कार्यालय सुटकेचा निःश्वास सोडते आणि कधी कधी तपासनीसही आक्षेपाचा परिच्छेद मिटवून टाकतो. दोघांचेही चुकते, कारण मंजुरी, अधिकार आणि तरतूद या तिन्हींतील दोषांवरचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांची मुदतही वेगळी आहे.

मंजुरी नव्हती, हा दोष कार्योत्तर मान्यतेने दूर होऊ शकतो. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मान्यता देणारा अधिकारी एवढ्या रकमेला सक्षम आहे का आणि कार्योत्तर मान्यता देण्याची मुभा त्याला आहे का. 19.60 लाख ही रक्कम सहआयुक्तांच्या मर्यादेत होती, पण या प्रकरणातील अधिकार प्रदानाच्या आदेशात कार्योत्तर मान्यतेचा उल्लेख नव्हता. ज्याने अधिकार सोपवले त्या शासनाकडेच हा प्रश्न जाणे योग्य होते, आणि पथकाने तसे लिहिले.

तुकडे पाडून ई-निविदा टाळली, हा दोष मान्यतेने पुसता येत नाही. झालेल्या खर्चाला मान्यता देता येते, न झालेली स्पर्धा मागाहून घडवता येत नाही. येथे दर डिसेंबरच्या निविदेइतकाच होता, म्हणून नुकसान दाखवता आले नाही आणि तसा आव आणणेही बरोबर नव्हते. खर्च शहाणपणाने झाला का हा औचित्याचा प्रश्न झाला. येथे तपासणी चालली होती ती अधिकाराची.

तरतुदीचा दोष मात्र कोणत्याही पत्राने दूर होण्यासारखा नव्हता. पुनर्विनियोजनाचा आदेश त्या वित्तीय वर्षातच व्हावा लागतो. 31 मार्चच्या मध्यरात्री तरतूद संपते आणि तिच्यासोबत ती फिरवण्याचा अधिकारही संपतो. 10 जूनच्या पत्रात ‘उपलब्ध तरतुदीतून भागविण्यास मान्यता’ असे शब्द होते. परंतु 10 जूनला 2018-19 ची तरतूद अस्तित्वातच नव्हती, आणि 25 मार्चला जी होती ती बियाण्याची होती. लेखे बंद होण्यापूर्वी महालेखापाल कार्यालयाला कळवून चुकीचे वर्गीकरण दुरुस्त करून घेता आले असते. तसे केले असते तर 52 या उद्दिष्टापुढे 19.40 लाखांचा जादा खर्च उघड दिसला असता आणि त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले असते. कार्यालयाचे आणि महालेखापालांचे आकडे ताडून पाहण्याच्या मासिक खर्चमेळाच्या वेळी ही दुरुस्ती सहज सुचायला हवी होती. मार्चच्या खर्चमेळाच्या विवरणावर कार्यालयाची सही आहे आणि शेरा आहे ‘आकडे जुळतात’. जुळत होतेच, कारण दोन्हीकडे एकच चूक होती.

एक गोष्ट पथकाच्या हाती उशिरा लागली. देयकांवर ‘माल मिळाला, साठा नोंदवहीत घेतला’ असे प्रमाणपत्र 28 मार्चच्या तारखेचे होते. ठरावीक मूल्यावरील माल वाहून न्यायला ई-वे बिल लागते, म्हणून पथकाने पुरवठादाराची ई-वे बिले मागवली. ती 9 मे 2019 ची होती. साठा नोंदवहीत 80 यंत्रांची नोंद 28 मार्चलाच केलेली दिसत होती, पण तिच्या वरची नोंद 6 मेची होती. म्हणजे रक्कम मार्चमध्ये गेली आणि वस्तू पुढच्या वर्षी आली. व्यपगत होऊ पाहणारा निधी पुरवठादाराकडे ठेवण्याचा हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे, पण विनियोजनाच्या दृष्टीने तो वेगळा मोजावा लागतो. एका वर्षासाठी मंजूर झालेला पैसा दुसऱ्या वर्षीच्या पुरवठ्यासाठी वापरला गेला, आणि तसे करण्यासाठी खोटे प्रमाणपत्र द्यावे लागले. या प्रमाणपत्रापुरता पथकाचा सूर कडक होता, आणि मला तो योग्य वाटतो. उद्दिष्टाची चूक घाईतून होऊ शकते, पण न आलेला माल आल्याचे लिहिणे ही घाई नव्हे.

अहवाल लिहिताना रकमेचा प्रश्न उभा राहिला. तरतुदीविना खर्च 19.60 लाख, अधिकारमर्यादेबाहेर खर्च 19.60 लाख, मालाआधी प्रदान 19.60 लाख, अशी बेरीज करून 58.80 लाखांची अनियमितता लिहिण्याचा मोह तरुण तपासनिसांना होतो. ती संपूर्ण योजनेच्या तरतुदीपेक्षाही जास्त होते, यावरूनच ती चूक कळायला हवी. रक्कम एकच आहे, तिच्यावरचे आक्षेप तीन आहेत. परिच्छेदात 19.60 लाख एकदाच आले आणि त्याखाली तीन उपपरिच्छेद झाले. तरतुदीच्या उपपरिच्छेदात जादा खर्च 19.40 लाख असाच लिहिला, कारण 52 या उद्दिष्टातील 20 हजार रुपये डिसेंबरच्या खरेदीनंतर शिल्लक होते.

अनुपालनात कार्यालयाने पहिल्या दोन उपपरिच्छेदांबाबत प्रस्ताव शासनाकडे पाठवल्याचे कळवले. ते निर्णय होईपर्यंत खुले ठेवले गेले. खोट्या प्रमाणपत्राबाबत संबंधितांचा खुलासा मागवण्यात आला. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कार्यालयाने 52 खाली 10 लाखांऐवजी 30 लाखांची मागणी केली आणि 21 खालील बियाण्याची मागणी तेवढ्याच रकमेने कमी केली. त्या प्रस्तावासोबत 20 मार्चचा ‘एकूण 80’ असा तोच तक्ता मागणीचा पुरावा म्हणून जोडलेला होता.